चौथा बाण कोणाचा?

मेकॅनिक्सच्या वर्कशीटवर मी दरवर्षी एक प्रश्न हमखास देतो. आकडे थोडे बदलतात, प्रश्न तोच. ३० अंशांच्या तिरप्या फळीवर २ किलोची एक पेटी आहे. खालच्या टोकाशी तिला हाताने वर ढकललं आणि हात काढून घेतला. हात सुटला तेव्हा पेटीचा वेग सेकंदाला ४ मीटर होता. पेटी अजून वर सरकते आहे. या क्षणाचा तिचा फ्री बॉडी डायग्राम काढा. मग ती थांबून खाली घसरू लागते, तेव्हाचाही काढा. आणि शेवटी, ती फळीवर किती अंतर वर जाईल ते सांगा. गतीतला घर्षण गुणांक ०.२ आहे, g ची किंमत १० धरा, हवेचा विरोध सोडून द्या.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात अकरावीची मुलं येतात. काही उर्दू माध्यमातून आलेली, काही मराठी. पुस्तक मात्र दोघांनाही इंग्रजी. त्यामुळे मी एक वाक्य उर्दूत बोलतो आणि तेच पुन्हा मराठीत. बल म्हणजे क़ुव्वत, घर्षण म्हणजे रगड, वस्तुमान म्हणजे कमियत. वजनाला दोन्हीकडे वजनच म्हणतात, तेवढाच काय तो आराम! आकृतीवर नावं कुठल्याही भाषेत लिहा, मला चालतं. उलट मुलांनी घरच्या भाषेत नावं लिहिली की त्यांच्या मनात काय चाललंय ते जास्त स्पष्ट कळतं, हे पुढे सांगतोच.

आधी बरोबर आकृती कशी असते ते बघू. फळी काढायची नाही, हात काढायचा नाही, जमीन काढायची नाही. फक्त पेटी, तीही एका ठिपक्याएवढी चालेल. तिच्यापासून तीन बाण निघतात. पहिला सरळ खाली, पृथ्वी पेटीला ओढते तो, २० न्यूटन. दुसरा फळीशी काटकोनात, फळीपासून दूर जाणारा, म्हणजे फळी पेटीला रेटते तो, साधारण १७.३ न्यूटन. याला मराठीत अभिलंब बल म्हणतात आणि उर्दूत अमूदी क़ुव्वत. तिसरा फळीला समांतर, उताराच्या दिशेने खाली, घर्षणाचा, साधारण ३.५ न्यूटन. संपलं. या तीन बाणांपेक्षा एक जास्त नाही आणि एक कमी नाही.

बी.एड.ला असताना आम्हाला आदर्श उत्तर आधी लिहून ठेवायला शिकवलं होतं, म्हणजे पेपर तपासताना फक्त जुळवायचं. गणिताला हे ठीक आहे. पण आकृती तपासताना नुसतं जुळवून भागत नाही, कारण चुकीचा बाण नुसता चुकीचा नसतो. त्याच्यामागे काही तरी पटलेलं असतं. ते पटलेलं काय आहे हे कळलं नाही, तर मी लाल पेनाने कितीही फुल्या मारल्या तरी पुढच्या वर्कशीटवर तोच बाण पुन्हा उगवतो.

म्हणून मी आधी दिशा बघत नाही. आधी मोजतो. पेटीच्या कडेने मनातल्या मनात बोट फिरवायचं आणि विचारायचं, हिला आत्ता कोण कोण टेकलेलं आहे? इथे फक्त फळी. टेकलेली गोष्ट जास्तीत जास्त दोन बाण देते, एक पृष्ठभागाशी काटकोनात आणि पृष्ठभाग खरखरीत असेल तर एक पृष्ठभागाला समांतर. मग न टेकता ओढणारं कोण? पृथ्वी. एक बाण. दोन आणि एक तीन. पेटीला दोरी बांधलेली असती तर दोरीही टेकलेली म्हणून ताणाचा एक बाण वाढला असता. पेटीवर दुसरी पेटी असती तर तिचेही आले असते. म्हणजे किती बाण हवेत हे पेटीच्या गतीकडे न बघतासुद्धा ठरतं. मुलांना हे आधी विचित्र वाटतं, पण मोजणी चुकली असेल तर ती इथेच पकडता येते.

निम्म्याहून जास्त कागदांवर मला चार बाण दिसतात. चौथा उताराच्या वरच्या दिशेने असतो. त्याचं नाव मराठी मुलं ‘रेटा’ किंवा ‘धक्का’ लिहितात, उर्दूवाली ‘ज़ोर’ किंवा ‘धक्के की क़ुव्वत’. इंग्रजीत लिहिणारी नुसतं F लिहितात, आणि F वरून काहीच कळत नाही. म्हणूनच घरची भाषा बरी.

हात तर सुटलेला आहे. प्रश्नातच लिहिलंय. मग हा जोर कोण लावतंय? हा प्रश्न विचारला की मुलं म्हणतात, ‘सर, हाताने दिलेला जोर अजून पेटीत आहे ना. नाही तर ती वर कशी जाईल?’

हे उत्तर मूर्खपणाचं नाही. आपण बोलतोच तसं. अंगात जोर आहे, चेंडूत जोर होता, गाडीचा जोर संपला. आपल्या दोन्ही भाषांमध्ये जोर हा वस्तूत भरलेला असतो, पिशवीत तांदूळ असावेत तसा. भौतिकशास्त्रातलं बल मात्र कोणाच्या आत नसतं. ते दोघांमध्ये असतं, एक लावतो आणि दुसऱ्यावर लागतं. हात निघाला की हाताचं बल त्याच क्षणी संपलं. पेटीत उरतो तो वेग. संवेग म्हणा हवं तर. पण वेग म्हणजे बल नव्हे, आणि बलांच्या आकृतीत वेगाला जागा नाही.

हा समज फक्त आमच्या गावातल्या मुलांचा नाही. जॉन क्लेमंट या अमेरिकन संशोधकाने १९८२ मध्ये इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्यावरची बलं काढायला सांगितली होती. नाणं वर जात असताना वरच्या दिशेचा बाण त्यांच्यातल्याही बहुतेकांनी काढला होता, आणि मेकॅनिक्सचा कोर्स पुरा केलेल्यांमध्येही तो बाण काढणारे भरपूर निघाले. पुढे १९९२ मध्ये हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची जी चाचणी तयार केली, तिच्यातल्या चुकीच्या पर्यायांमध्ये हाच भरलेला जोर वेगवेगळे वेष घालून येतो.

त्याच्याही मागे जायचं तर इब्न सिना आठवतो. हकीम म्हणून आपण त्याला ओळखतो, पण ‘किताबुश्शिफा’मध्ये त्याने गतीचाही खोल विचार केला आहे. फेकलेला दगड हातातून सुटल्यावर पुढे का जातो? ॲरिस्टॉटल म्हणायचा की हवा त्याला मागून ढकलते. इब्न सिनाला ते पटलं नाही. त्याने म्हटलं की फेकणारा दगडाला एक ‘मैल’ देतो. अरबीतला हा शब्द, उर्दूत आपण मैलान म्हणतो त्याच्याच घरातला. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, कल. दगडाला एका दिशेचा कल मिळतो आणि तो कल त्याला नेत राहतो. अडवणारं काही नसेल, संपूर्ण पोकळी असेल, तर हा कल आपोआप संपणारही नाही, असंही त्याने म्हटलं होतं. १०३७ मध्ये वारलेल्या माणसासाठी ही फार मोठी उडी होती. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने जवळपास असाच विचार इम्पेटस या नावाने मांडला. न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’ आलं १६८७ मध्ये. म्हणजे चौथा बाण पुसायला जगातल्या सगळ्यात हुशार लोकांना साडेसहाशे वर्षं लागली. आमच्या मुलांनी तो एका संध्याकाळी पुसावा अशी अपेक्षा मी करत नाही, पण मार्क देत नाही एवढं खरं.

त्या बाणाशेजारी मी फुली मारत नाही. तिथे फक्त ‘कोण?’ एवढंच लिहितो. प्रत्येक बाणाला दोन नावं हवीत, लावणारा कोण आणि लागतंय कशावर. ‘पृथ्वी पेटीवर’, ‘फळी पेटीवर’. चौथ्या बाणाला पहिलं नाव मिळत नाही. ‘गती पेटीवर’ असं एकाने लिहिलं होतं. ते लिहून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं.

याच युक्तीने आणखी दोन उपरे बाण सापडतात. एक म्हणजे ma. मुलं वस्तुमान गुणिले त्वरण काढतात आणि त्याचाही बाण जोडतात. पण ma हे बाकीच्या बाणांच्या बेरजेचं उत्तर आहे, बेरजेतली रक्कम नाही. दुसरा म्हणजे पेटीने फळीवर लावलेलं बल, फळीत घुसणारं. हे बल खरं आहे, फक्त ते फळीवर लागतं, पेटीवर नाही. ते फळीच्या आकृतीत जाईल. ‘कशावर’ हे नाव लिहायला लावलं की मुलं स्वतःच ते खोडतात.

वजनाचे दोन घटक, म्हणजे mg sin θ आणि mg cos θ, यांच्याबद्दल मात्र मी जरा कडक आहे. वजनाचा पूर्ण बाण आणि शिवाय त्याचे दोन तुकडे असे तिन्ही ठळक काढले तर वजन दोनदा मोजलं गेलं. तुकडे तुटक रेषेने काढा किंवा बाजूला वेगळी आकृती काढा. ठळक काढलेत तर एक मार्क गेला, मग उत्तर कितीही बरोबर असो.

आता जो बाण नसतो त्याच्याबद्दल. गायब होणारा बाण जवळपास नेहमी फळीचा असतो, अभिलंब बलाचा. वजन कोणीच विसरत नाही. फळीचं बल विसरतात, कारण फळी मुलांच्या मते काहीच करत नाही, नुसती आहे. ती पेटीला अडवते हे मान्य, पण ढकलते हे कसं मानायचं? अशा वेळी मी शब्दांच्या नादी लागत नाही. एक पातळ प्लॅस्टिकची पट्टी दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवतो आणि मध्ये डस्टर ठेवतो. पट्टी वाकते. डस्टर उचललं की पट्टी सरळ होते. वाकलेली पट्टी डस्टरला वर ढकलते आहे हे डोळ्यांना दिसतं. मग टेबलाकडे बोट दाखवायचं. टेबलही वाकतं, फक्त इतकं कमी की दिसत नाही.

कागदावर हा बाण नसल्याची खूण अशी, की आकृतीप्रमाणे चाललं तर पेटी फळीत घुसायला हवी. फळीशी काटकोनातल्या दिशेत वजनाचा १७.३ न्यूटनचा हिस्सा आहे आणि त्याच्यासमोर उभं राहायला कोणीच नाही. शिवाय अशा मुलाने घर्षण ३.५ न्यूटन लिहिलं असेल तर मी विचारतो, हे कशाच्या ०.२ पट घेतलंस? घर्षण ज्याच्यावर मोजलं तेच बल आकृतीत नाही. म्हणजे सूत्र पाठ आहे, चित्र नाही.

दिशांच्या चुकांपैकी वजनाची चूक सोपी असते. काही मुलं वजनाचा बाण फळीला काटकोनात काढतात. टेबलावरच्या ठोकळ्याचं वजन टेबलाला काटकोनात होतं, म्हणून फळीवरचंही तसंच, असा त्यांचा हिशोब. अशांना मी गवंड्याचा ओळंबा आठवायला सांगतो. भिंत वाकडी असली म्हणून ओळंबा वाकडा लटकत नाही. फळी कशीही तिरकी करा, दोऱ्याला बांधलेली किल्ली सरळ खालीच लटकणार, आणि वजनाचा बाण त्या दोऱ्याला समांतर.

उलट चूक अभिलंब बलाची. ते काही जण सरळ वर काढतात, वजनाच्या बरोबर समोर. मग फळीने पेटीला जे ढकललं ते वजनाशी पूर्ण तुटतं. अशा पेटीवर उरतं फक्त घर्षण, आणि फळी गुळगुळीत असेल तर तेही नाही. मग ती पेटी उतारावर न थांबता एकाच वेगाने वर जात राहायला हवी. असा उतार कोणाला सापडला तर मला कळवा, आमच्या गावातल्या हमालांचे आशीर्वाद मिळतील.

दोन्ही चुका एका झटक्यात पकडायची एक तपासणी आहे, आणि मला ती बाकी सगळ्यांपेक्षा आवडते. पट्टी घेऊन बाण मापात काढा, १ सेंटिमीटरला ४ न्यूटन. वजन ५ सेंटिमीटर, अभिलंब बल ४.३, घर्षण जेमतेम ०.९. मग ते बाण एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी असे जोडत जा. पहिल्याच्या शेपटीपासून शेवटच्याच्या टोकापर्यंत जी रेघ येईल ती एकूण बल. पेटी फळीवरून उडत नाही आणि फळीत घुसतही नाही, म्हणून ही रेघ फळीला तंतोतंत समांतर यायला हवी. इथे ती उताराच्या खालच्या दिशेने सुमारे ३.४ सेंटिमीटर येते, म्हणजे १३.५ न्यूटन. रेघ फळीला तिरकी आली तर समजायचं, एखादा बाण गायब आहे किंवा वजन आणि अभिलंब बल यांपैकी कोणी तरी भलतीकडे तोंड करून उभं आहे.

ही तपासणी एक चूक मात्र पकडू शकत नाही. ती म्हणजे घर्षणाची दिशा. घर्षण वर काढा की खाली, फळीला समांतरच राहतं, आणि बेरजेची रेघही समांतरच येते. फक्त लांबी बदलते. म्हणून घर्षणासाठी वेगळं बघावं लागतं.

इथे मुलांच्या दोन जाती होतात. एक जात म्हणते की उतारावर पेटी खाली घसरू पाहते, रगड तिला धरून ठेवते, म्हणून घर्षण नेहमी वरच्या दिशेने. पेटी वर जाते आहे की खाली, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दुसरी जात म्हणते, घर्षण गतीला विरोध करतं, आणि या प्रश्नात ती बरोबर ठरते. पण याच मुलांना मी पुढचा प्रश्न घालतो. टेम्पो जागेवरून निघून वेग घेतो आहे, मागे ठेवलेली पेटी न घसरता त्याच्याबरोबर जाते आहे, पेटीवरचं घर्षण कुठल्या दिशेला? सगळे मागे काढतात, कारण विरोध! अरे, पेटीला पुढे नेतंय कोण मग? तिला टेकलेली एकच गोष्ट, टेम्पोची फळी. टेम्पोचं त्वरण २ असेल तर २ किलोच्या पेटीवर ४ न्यूटन घर्षण पुढच्याच दिशेला हवं. घर्षण गतीला विरोध करत नाही, दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरण्याला विरोध करतं. व्याख्येतले चार शब्द कोणी तरी सोयीसाठी गाळले आणि बाण फिरला.

आमच्या पेटीकडे परत येऊ. ती वर सरकते आहे, म्हणजे फळीच्या मानाने वर घसरते आहे, म्हणजे फळी तिला खाली खेचते. वजनाचा उतारावरचा हिस्सा १० न्यूटन, तोही खाली. घर्षण साधारण ३.४६. बेरीज १३.४६, त्याला २ किलोने भागलं की सेकंदाला सेकंदाला ६.७३ मीटरने वेग कमी होतो. ४ चा वर्ग १६, भागिले ६.७३ च्या दुप्पट, उत्तर १.१९ मीटर. आता घर्षण चुकून वर काढलं तर १० मधून ३.४६ वजा होतात, मंदन ३.२७ येतं आणि पेटी २.४५ मीटर वर जाते. हा आकडा बरोबर की चूक ते कसं कळणार? फळीला तेल लावा. घर्षण शून्य, मंदन ५, अंतर १.६ मीटर. म्हणजे चुकीच्या बाणाप्रमाणे खरखरीत फळीवर पेटी तेलकट फळीपेक्षा जास्त वर जाते! मी मुलांना सांगतो, उत्तर आल्यावर दरवेळी एकदा मनात तेल लावून बघा.

यंदा यावरून एक पेच झाला. एका मुलीने दोन्ही आकृत्यांत, पेटी वर जाताना आणि खाली येताना, घर्षण वरच्याच दिशेने काढलं होतं. पण खाली अंतर मात्र १.१९ मीटर, बरोब्बर. तिने दुसऱ्या एका क्लासच्या नोट्समधून a = g(sin θ + μ cos θ) हे सूत्र पाठ केलं होतं. आकृती एक सांगत होती, सूत्र दुसरं, आणि दोघांची भेटच झाली नव्हती. मी पहिल्या आकृतीचा घर्षणाचा मार्क कापला, आणि उत्तराच्या तीन मार्कांपैकी एकच दिला, कारण आधीच्या आकृतीतून ते उत्तर निघतच नव्हतं. चाचणीत सहाच्या सहा प्रश्नांत पूर्ण मार्क मिळवणाऱ्याला वर्गाची फी अर्धी माफ होते. तिला बाकी पाच प्रश्नांत पूर्ण होते. तीन मार्कांनी सवलत गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा आले. कापडाच्या गाठी टेम्पोत चढवायचं काम करतात, त्यामुळे रात्री उशिरा आले. म्हणाले, ‘सर, बच्ची कहती है जवाब सही है. फिर नंबर क्यों कटे?’ प्रश्न रास्त होता. मी कागद पुढे केला. सूत्र, गुणांक हे सगळं बाजूला ठेवून फक्त विचारलं, तुम्ही गाठ फळीवरून टेम्पोत चढवता तेव्हा फळी तुम्हाला मदत करते की त्रास देते?

ते क्षणभरही थांबले नाहीत. ‘चढाते वक्त फळी दुश्मन है, सर. उतारते वक्त वही दोस्त.’ मग हाताने दाखवलं. चढवताना फळी गाठीला मागे ओढते, म्हणून पावसाळ्यात फळी फुगून खरखरीत झाली की दोघांच्या जागी तीन माणसं लागतात. उतरवताना हीच फळी गाठ धरून ठेवते, नाही तर गाठ अंगावर येईल. गुळगुळीत फळीवरून गाठ उतरवायला त्यांचा नकार असतो, मालकाने सांगितलं तरी.

मुलगी शेजारी उभी होती. मी तिच्या दोन आकृत्यांकडे बोट दाखवलं. दोन्हीत फळी दोस्त होती. ती म्हणाली, ‘पहिल्यात दुश्मन पाहिजे.’ अब्बांनी मार्कांबद्दल पुन्हा विचारलं नाही. पण फीचा प्रश्न राहिलाच होता. उत्तर बरोबर असून सवलत जावी हे त्यांच्या बाजूने अन्यायाचं दिसतं, ते मला समजत होतं. मी मार्क वाढवले नाहीत. याच प्रकारचा दुसरा प्रश्न, नवे आकडे आणि सोबत एक दोरी, येत्या शनिवारी सोडवायला देतो म्हणालो. ज्यांचे ज्यांचे याच प्रश्नात मार्क गेले त्या सगळ्यांना. त्यात आकृती आणि उत्तर जुळलं तर सवलत. एकट्या तिला संधी दिली असती तर बाकीच्यांनी मला सोडलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.

शनिवारी अकरा जण बसले. सात जणांची आकृती आणि उत्तर जुळलं, तीही त्यांच्यात होती. कागद देताना तिने एक शंका विचारली. पेटी अगदी वर पोचली, वेग शून्य झाला, त्या क्षणी बाण कुठे काढायचा? दुश्मनही नाही आणि दोस्तही नाही, असं कसं?

वर्गात इतकी वर्षं हा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला आहे. मी तिला म्हटलं, त्या क्षणी पेटी घसरत नाहीये, म्हणून गतीतलं घर्षण सोड. स्थितिक घर्षण बघ. समज त्याचा गुणांक ०.२५ आहे. पेटीला जागेवर धरून ठेवायला किती लागेल? ती म्हणाली, दहा न्यूटन, वरच्या दिशेने. आणि फळी जास्तीत जास्त किती देऊ शकते? तिने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. ४.३३. मग पेटी थांबून राहणार नाही, लगेच खाली येईल, आणि फळी वरच्या दिशेने धरायला बघेल. म्हणजे वर पोचताच बाण फिरतो. मंदन ६.७३ होतं, ते एकदम ३.२७ च्या त्वरणावर येतं, मधला आकडाच नाही. आणि खाली पोचताना पेटीचा वेग ४ नसतो, २.८ च्या आसपास असतो.

तिने पट्टी मागितली आणि त्याच पानावर तिन्ही क्षणांच्या आकृत्या मापात काढायला बसली. पहिल्यात घर्षण खाली, तिसऱ्यात वर, दोन्ही बाण ०.९ सेंटिमीटरचे. मधल्या आकृतीत तिने बाण वर काढला, आणि शेजारी पेन्सिलने लिहिलं, ‘फळी, पेटीवर, पण पुरत नाही.’